सुटा माल व पूर्ण ट्रक यांमधील समखर्च वजन

समखर्च वजन म्हणजे मालाचे असे वजन, ज्यावर सुटा माल म्हणून पाठवण्याचा खर्च आणि त्याच मालासाठी संपूर्ण ट्रक भाड्याने घेण्याचा खर्च सारखा होतो. यापेक्षा कमी वजनाचा माल सुटा पाठवणे स्वस्त पडते आणि जास्त वजनाच्या मालासाठी पूर्ण गाडी स्वस्त पडते. वाहतूक व्यवसायात पहिल्या प्रकाराला 'पार्ट लोड', 'पार्सल' किंवा 'एलटीएल' आणि दुसऱ्याला 'फुल लोड' किंवा 'एफटीएल' म्हणतात. समखर्च वजन ही वाहतूकदाराने ठरवलेली संख्या नसते. माल पाठवणारा दोन दरपत्रके शेजारी ठेवून ती स्वतः काढतो, आणि त्या दरपत्रकांत कोणकोणते खर्च धरले आहेत यावर ती बरीच बदलते.

## दोन दररचना

सुट्या मालाचा दर वजनावर आकारला जातो. वाहतूक कंपनी अनेक ग्राहकांचा माल आपल्या गोदामात गोळा करते, गावांनुसार त्याची विभागणी करते, एका गाडीत भरते आणि पोहोचण्याच्या ठिकाणी पुन्हा वेगळा करते. या प्रत्येक टप्प्यावर चढ-उताराची हमाली, जागा आणि कारकुनी काम लागते. म्हणून सुट्या मालाचा दारापासून दारापर्यंतचा प्रतिक्विंटल खर्च भरलेल्या गाडीच्या प्रतिक्विंटल खर्चाहून सहसा जास्त असतो. वजन वाढले की दर टप्प्याटप्प्याने उतरतो.

पूर्ण गाडीचे भाडे फेरीमागे ठरते. डिझेल, पथकर, चालकाचा भत्ता आणि परतीला माल मिळेल की नाही याचा अंदाज या गोष्टी गाडीत दहा क्विंटल असोत की चाळीस, फारशा बदलत नाहीत. गाडी अर्धी रिकामी गेली तरी भाडे पूर्ण द्यावे लागते. सर्वांत साधे सूत्र यातूनच निघते:

समखर्च वजन = पूर्ण गाडीचे भाडे ÷ सुट्या मालाचा प्रतिक्विंटल दर

हे सूत्र प्राथमिक अंदाजापुरते ठीक आहे. प्रत्यक्ष निर्णयासाठी ते वापरले तर उत्तर चुकीच्या बाजूला जाऊ शकते. पुढील उदाहरणात तसेच घडते.

## मारेगावचे उदाहरण

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव हे तालुक्याचे ठिकाण वणी–करंजी रस्त्यावर आहे. करंजीजवळ हा रस्ता नागपूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्गाला मिळतो. गावात रेल्वे स्थानक नाही. जवळचे स्थानक वणीला आहे. परिसरात कापूस, तूर आणि सोयाबीन ही पिके प्रामुख्याने घेतली जातात. येथील एखाद्या लहान डाळमिलला तूरडाळ पुण्याच्या मार्केट यार्डात पाठवायची आहे, असे समजू. डाळ ५० किलोच्या कट्ट्यांत भरलेली आहे, म्हणजे एका क्विंटलला दोन कट्टे. खालील सर्व दर केवळ गणित समजावण्यासाठी धरलेले आहेत. बाजारातील दर हंगामानुसार आणि डिझेलच्या किमतीनुसार बदलत असतात.

सुट्या मालाची नोंदणी वणीच्या गोदामात करावी लागते. दरपत्रक असे आहे:

| मालाचे वजन | भाडे, प्रतिक्विंटल |
|---|---|
| १० क्विंटलपेक्षा कमी | ₹५६० |
| १० ते ३० क्विंटलपेक्षा कमी | ₹४८० |
| ३० क्विंटल व त्याहून अधिक | ₹४२० |

पूर्ण गाडीसाठी दोन पर्याय आहेत. ४० क्विंटल क्षमतेची १४ फुटी गाडी ₹२१,००० आणि ७० क्विंटल क्षमतेची मोठी गाडी ₹२९,०००. दोन्ही गाड्या मिलच्या दारातून माल उचलतात आणि मार्केट यार्डात उतरवायला नेतात.

साध्या सूत्रानुसार लहान गाडीचे समखर्च वजन २१,००० ÷ ४२०, म्हणजे ५० क्विंटल येते. गाडीची क्षमता मात्र ४० क्विंटलच आहे. यावरून लहान गाडी कधीच परवडणार नाही, सुटा मालच पाठवावा, असा निष्कर्ष निघतो.

हा निष्कर्ष चुकतो, कारण दोन दर वेगवेगळ्या प्रवासांचे आहेत. गाडीचे भाडे मिलच्या दारापासून मार्केट यार्डापर्यंतचे आहे, तर ४२० रुपयांचा दर वणीच्या गोदामापासून पुण्याच्या गोदामापर्यंतचा. मधले तुकडे भरून काढले पाहिजेत. मारेगावहून वणीला माल नेणारी पिकअप एका खेपेत १५ क्विंटल नेते आणि खेपेला ₹१,२०० घेते. वणीच्या गोदामात उतरवण्याची हमाली कट्ट्याला ₹१०, म्हणजे क्विंटलला ₹२० पडते. पुण्याच्या गोदामातून मार्केट यार्डापर्यंत पोहोचवण्याचे क्विंटलला ₹४० लागतात. बिल्टीचे ₹१०० वेगळे. मिलमध्ये माल भरण्याची आणि मार्केट यार्डात उतरवण्याची हमाली दोन्ही पद्धतींत सारखीच असल्याने ती तुलनेतून वगळता येते.

आता ३० क्विंटलच्या वरच्या मालाचा सुटा दर ४२० + २० + ४० = ₹४८० प्रतिक्विंटल होतो. ३१ ते ४५ क्विंटलसाठी पिकअपच्या तीन खेपा लागतात, त्यांचे ₹३,६०० आणि बिल्टीचे ₹१०० मिळून ₹३,७०० ठरीव खर्च येतो. त्यामुळे

समखर्च वजन = (२१,००० − ३,७००) ÷ ४८० ≈ ३६ क्विंटल

पडताळून पाहता ३६ क्विंटलला सुट्या मालाचा खर्च ₹२०,९८० होतो, म्हणजे गाडीच्या भाड्याहून केवळ २० रुपये कमी. ७२ कट्ट्यांपर्यंत सुटा माल आणि त्यापुढे ८० कट्ट्यांपर्यंत लहान गाडी, असा हिशेब निघतो. कागदावर ५० असलेले वजन घरापासून दारापर्यंतचे सर्व खर्च धरताच ३६ वर आले. मारेगावसारख्या, नोंदणी गोदामापासून दूर असलेल्या गावांत हा फरक मोठा असतो. नागपूर किंवा भिवंडीत गोदामाशेजारी कारखाना असणाऱ्याला तो जवळजवळ जाणवत नाही, आणि म्हणून तिथले ठोकताळे इथे लागू पडत नाहीत.

## दराचे टप्पे आणि वाढीव वजनाचे बिल

दर टप्प्याने उतरत असल्यामुळे एक विचित्र परिस्थिती निर्माण होते. २७ क्विंटल माल मधल्या टप्प्यात येतो आणि त्याचे भाडे २७ × ४८० = ₹१२,९६० होते. तोच माल ३० क्विंटल आहे असे मानून बिल केले, तर भाडे ३० × ४२० = ₹१२,६०० होते. प्रत्यक्षात नसलेल्या तीन क्विंटलांचे पैसे देऊनही ३६० रुपये वाचतात. टप्पा बदलण्याचे हे वजन ३० × ४२० ÷ ४८०, म्हणजे २६.२५ क्विंटल आहे. २६.२५ ते ३० क्विंटलच्या दरम्यानचा कोणताही माल ३० क्विंटल म्हणून नोंदवणे ग्राहकाच्या फायद्याचे असते.

अमेरिकेतील सुट्या मालाच्या वाहतुकीत हा नियम इतका रूढ आहे की बिलावर वाढीव वजन वेगळ्या ओळीत दाखवतात. भारतात लहान वाहतूकदारांकडे ही सवलत बहुधा मागावी लागते. ती आपोआप लावली जात नाही. ती मिळाली की नाही हे बिल्टीवरील दोन रकान्यांवरून समजते. प्रत्यक्ष वजन २७ क्विंटल आणि आकारणीचे वजन ३० क्विंटल असेल, आणि दर ४२० असेल, तर सवलत मिळाली. आकारणीचे वजन ३० आणि दर मात्र ४८० असेल, तर दोन्हीकडून तोटा झाला आहे. वजनकाट्याची पावती बिल्टीला जोडून ठेवणे याच कारणासाठी उपयोगी पडते.

## गाडीची क्षमता ओलांडल्यावर

समखर्च वजन ही एकच रेषा असते आणि ती ओलांडली की पुढे सर्वत्र गाडीच स्वस्त, अशी एक समजूत आढळते. गाड्या मात्र ठरावीक आकारांतच मिळतात. वरील उदाहरणात माल ४४ क्विंटल झाला तर तो लहान गाडीत मावत नाही. मोठी गाडी ₹२९,००० घेते, आणि सुटा माल म्हणून त्याचा खर्च ४४ × ४८० + ३,७०० = ₹२४,८२० येतो. म्हणजे ३६ क्विंटलला मागे पडलेला सुटा माल ४० क्विंटलनंतर पुन्हा स्वस्त होतो आणि साधारण ५० क्विंटलपर्यंत मोठ्या गाडीपेक्षा स्वस्तच राहतो. तिसरा पर्याय म्हणजे ४० क्विंटल लहान गाडीत आणि उरलेले ४ क्विंटल सुटे. चार क्विंटलांना पहिल्या टप्प्याचा दर लागतो, त्यामुळे त्यांचा खर्च ४ × ६२० + १,३०० = ₹३,७८० आणि एकूण ₹२४,७८० होतो. दोन्ही रकमांत ४० रुपयांचा फरक आहे. अशा वेळी आठ कट्टे वेगळ्या दिवशी पोहोचले तर पुण्याच्या व्यापाऱ्याला चालेल का, या प्रश्नावर निर्णय ठरतो.

चौथा पर्याय व्यवहारात सर्रास सुचवला जातो: ४० क्विंटलच्या गाडीत ४४ क्विंटल भरणे. मोटार वाहन कायद्यात २०१९मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी ₹२०,००० दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे ₹२,००० असा अतिरिक्त दंड आहे, शिवाय जादा माल स्वखर्चाने उतरवावा लागतो. आठ कट्ट्यांच्या वाहतुकीत वाचणारी रक्कम ₹३,७८० आणि संभाव्य दंड जवळजवळ संपूर्ण फेरीच्या भाड्याइतका. क्षमतेचा आकडा गाडीवाल्याच्या तोंडी सांगण्यावरून न घेता नोंदणी प्रमाणपत्रातील एकूण भारातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून काढावा लागतो. जुलै २०१८मध्ये केंद्र सरकारने आसभाराच्या मर्यादा वाढवल्या. त्यानुसार दोन आसांच्या सहाचाकी ट्रकचा एकूण भार १६.२ टनांवरून १८.५ टन आणि तीन आसांच्या दहाचाकी ट्रकचा २५ टनांवरून २८.५ टन झाला. एका फेरीत कायदेशीररीत्या जास्त माल जाऊ लागला, आणि मोठ्या गाडीचा प्रतिक्विंटल खर्च त्या प्रमाणात उतरला.

## हलका माल

डाळ जड असते, त्यामुळे गाडी भरण्याआधी तिची भारक्षमता संपते. हलक्या मालाचे उलट होते. वजन बाकी असताना जागा संपते. म्हणून सुट्या मालाचे वाहतूकदार प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर भाडे लावतात. आकारमानाचे वजन काढताना एका घनफुटाला किती किलो धरायचे हे कंपनीनुसार बदलते. सहा ते दहा किलोंच्या दरम्यानचे आकडे नेहमी दिसतात.

सैल बांधलेल्या रुईचा ४ × ३ × ३ फुटांचा, १५० किलोचा गठ्ठा घेतला, तर त्याचे आकारमान ३६ घनफूट होते. घनफुटाला आठ किलो धरल्यास आकारणीचे वजन २८८ किलो येते. इतर खर्च त्याच वजनावर धरले तर ३६ क्विंटलचे समखर्च वजन साडेबारा गठ्ठ्यांना, म्हणजे प्रत्यक्षात पावणेएकोणीस क्विंटलांनाच गाठले जाते. तेरा गठ्ठे असतील तर गाडी करावी, असे यावरून वाटते. आता १४ × ६ × ६ फुटांच्या बंदिस्त हौदाचे आकारमान ५०४ घनफूट आहे, आणि भागाकार करता त्यात १४ गठ्ठे बसायला हवेत. प्रत्यक्षात रुंदीत दोन, उंचीत दोन आणि लांबीत तीन, असे बाराच बसतात. मागे दोन फुटांची मोकळी जागा उरते. बारा गठ्ठ्यांना सुट्या मालाचा खर्च सुमारे ₹२०,२९० येतो, म्हणजे गाडीहून कमी. समखर्च वजन गाडीच्या क्षमतेबाहेर एका गठ्ठ्याने राहिले. हलक्या मालासाठी घनफुटांचा भागाकार पुरेसा नसतो. गठ्ठे कसे रचले जातील हे मोजून पाहावे लागते.

जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत दाबून बांधलेल्या गाठींना हा प्रश्न सहसा पडत नाही. भारतात रुईची प्रमाण गाठ १७० किलोची असते आणि व्यापार बहुधा १०० गाठींच्या सौद्यांत होतो. शंभर गाठींचे वजन १७ टन, म्हणजे एका दहाचाकी ट्रकचा माल. मल्टी कमोडिटी एक्स्चेंजने कापसाच्या वायद्यातील सौद्याचे एकक २०२३मध्ये २५ गाठींवरून ४८ खंडी केले. ३५५.६२ किलोची खंडी धरली तर हेही सुमारे १७ टनच होतात. जिथे व्यापाराचे एककच ट्रकाएवढे आहे, तिथे सुट्या मालाचा विचार केवळ उरलेल्या गाठींपुरता उरतो.

## साठवून पाठवणे

आतापर्यंतची तुलना एकाच वेळी तयार असलेल्या मालाची होती. लहान डाळमिलपुढे प्रत्यक्षात वेगळा प्रश्न असतो: दर आठवड्याला थोडा माल पाठवावा, की गाडीभर होईपर्यंत थांबावे?

वरील मिल आठवड्याला १२ क्विंटल डाळ पाठवते असे धरू. हा माल मधल्या टप्प्यात येत असल्याने एका आठवड्याचा खर्च १२ × ५४० + १,२०० + १०० = ₹७,७८० होतो, तीन आठवड्यांचा ₹२३,३४०. तीन आठवड्यांचा ३६ क्विंटल माल एकदम गाडीने पाठवला तर ₹२१,००० लागतात. एकाच वेळच्या तुलनेत ३६ क्विंटलला दोन्ही पर्याय सारखे होते; इथे मात्र गाडी ₹२,३४० नी स्वस्त ठरली, कारण तिची तुलना स्वस्त टप्प्यातील एका मोठ्या खेपेशी नसून महाग टप्प्यातील तीन लहान खेपांशी आहे. या तुलनेत समखर्च वजन ३२ ते ३३ क्विंटलांपर्यंत खाली येते.

थांबण्याचीही किंमत असते. डाळीचा भाव क्विंटलला ₹१०,००० धरला, तर पहिले १२ क्विंटल दोन आठवडे आणि दुसरे १२ क्विंटल एक आठवडा गोदामात पडून राहतात. त्यात अडकलेल्या पैशावर वार्षिक १२ टक्के व्याज लावल्यास सुमारे ₹८३० होतात. निव्वळ बचत ₹१,५१० उरते, म्हणजे क्विंटलला ४२ रुपयांच्या आसपास. डाळीच्या भावात तीन आठवड्यांत ४२ रुपयांचा चढ-उतार होणे ही अगदी साधी गोष्ट आहे. वाहतुकीच्या बचतीसाठी थांबणारा मिलमालक नकळत भावाच्या अंदाजावर पैसे लावत असतो. नवी तूर बाजारात येऊन भाव उतरत असताना हा अंदाज बहुधा त्याच्या विरोधात जातो.

## अंदाज चुकण्याची कारणे

गाडीचे भाडे ठरवताना धरलेला वेळ वाढला की समखर्च वजन वर सरकते. मार्केट यार्डात गाडी खाली व्हायला एक दिवस जास्त लागला आणि वाहतूकदाराने 'हॉल्टिंग'चे ₹१,५०० मागितले, तर गाडीचा खर्च ₹२२,५०० होतो आणि समखर्च वजन ३६ वरून ३९ क्विंटलांवर जाते. गाडीची क्षमता ४० असल्यामुळे तिचा फायद्याचा पट्टा जवळजवळ संपतो. त्यामुळे जिथे गाड्यांची रांग लागते अशा बाजारपेठेसाठी सरासरी थांबण्याचा खर्च आधीच भाड्यात मिळवून गणित करावे लागते. सुट्या मालात गोदामातील विलंबाचे पैसे सहसा पडत नाहीत, पण माल तीन वेळा जास्त हाताळला जातो. फाटलेला एक कट्टा म्हणजे वरील भावाने ₹५,००० चा माल आहे, आणि एवढ्या रकमेपुढे दोन दरांमधील फरक लहान ठरतो.

दुसरे कारण हंगामाचे. कापसाच्या हंगामात विदर्भातील जिनिंग कारखान्यांतून गाठी, सरकी आणि ढेप एकाच वेळी बाहेर पडू लागतात आणि ट्रकची मागणी वाढते. वणी परिसरात कोळशामुळे जड वाहने पुष्कळ दिसतात. ती मुख्यतः टिपर असल्याने डाळीच्या कट्ट्यांसाठी त्यांचा उपयोग नाही. याउलट पुण्या-मुंबईकडून माल घेऊन आलेला ट्रक परतीला रिकामा जाण्यापेक्षा कमी भाड्यात माल घेतो. लहान गाडी ₹२१,००० ऐवजी ₹१८,००० ला मिळाली, तर सुट्या मालाशी तिची बरोबरी ३० क्विंटलला लागते, कारण तिथे सुट्या मालाचा खर्च ३० × ४८० + २,५०० = ₹१६,९०० असतो आणि एकतिसाव्या क्विंटलला पिकअपची तिसरी खेप लागून तो एकदम ₹१८,५८० वर जातो. अशा ठिकाणी समखर्च वजन सूत्रातून न मिळता खर्चाच्या उडीवर सापडते. त्यामुळे भाड्याचा प्रत्येक नवा भाव आला की सूत्रात आकडा घालण्याबरोबर खेपांच्या आणि टप्प्यांच्या सीमांवरचे खर्चही वेगळे काढून पाहावे लागतात.